शेषराव मास्तरांची दुरुस्ती

मंगरूळपीरचे शेषराव मास्तर इंग्रजी शिकवत आणि सगळ्यांना सांभाळून घेत. पेपर तपासताना पोरांचं अर्धवट वाक्य स्वतःच पुरं करायचे, वर मार्कही द्यायचे. गावाला या स्वभावाचं भारी कौतुक होतं.

१९७८ साली हत्तीपायाच्या नव्या गोळीची चाचणी घ्यायला मोठ्या कॉलेजचे डॉक्टर आले. गोळी घेणाऱ्याने संमतीपत्रावर अंगठा द्यायचा. पत्र मुळात इंग्रजीत; त्याचं मराठी केलं कंपाउंडर इंद्रभानने, मास्तरांच्या जिवलग दोस्ताने. ते मराठी डॉक्टरांनी मास्तरांपुढे ठेवलं.

"याचं पुन्हा इंग्रजी करा. मूळ इंग्रजीशी ताडून पाहू, म्हणजे मराठीत कुठे बिघडलं ते कळेल. मूळ कागद पाहिला नाही ना तुम्ही?"

"नाही," मास्तर म्हणाले. खरं तर अडलेले शब्द विचारायला इंद्रभान तोच कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर बसला होता.

मुळात होतं, गोळी केव्हाही, कुणाला न विचारता सोडता येईल. इंद्रभानला ते उद्धटपणाचं वाटलं. त्याने लिहिलं, 'डॉक्टरांची परवानगी घेऊन सोडता येईल.' तिथे मास्तरांचा पेन अडला. आहे तसं उतरवलं तर दोस्ताची चूक उघडी पडणार, चाचणीतली त्याची नोकरी जाणार. त्यांनी सवयीने दुरुस्ती केली, पण इंग्रजीत; मुळात होतं तेच लिहिलं. मराठी होतं तसंच राहिलं. दोन्ही इंग्रजी कागद जुळले, डॉक्टर खूश झाले आणि कागद छापले गेले.

शेजारच्या केशरबाईची सून शिकलेली होती. तरी अंगठा देण्याआधी केशरबाई म्हणाली, "मास्तरनं वाचलेलं बरं." परवानगीची ओळ मास्तरांनी होती तशीच वाचली.

गोळीने केशरबाईला ताप चढला, उलट्या लागल्या. डॉक्टर नागपूरला गेलेले. सून रोज विनवायची, पण ही बाई न विचारता गोळी सोडायला तयार नाही. मास्तर परीक्षेच्या कामावरून कारंज्याहून परतले, तेव्हा ती दवाखान्यात सलाईनवर होती.

"मास्तर, डॉक्टर आले काय? गोयी सोडू का आता?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, कोणाले विचाराची गरजच नव्हती. कागद चुकीचा होता. मले माहीत होतं."

"मंग वाचला काहून?"

डॉक्टर येताच मास्तरांनी सगळं कबूल केलं. इंद्रभानची नोकरी गेली, दोस्तीही गेली. नवं मराठी लिहिलं गेलं आणि ते उलट इंग्रजीत करायला मूळ कागद न पाहिलेल्या परगावच्या माणसाकडे गेलं.

नवा कागद छापून आला, तेव्हा मास्तर तो घेऊन केशरबाईच्या दारात उभे राहिले. ती घरी आली होती, भिंतीला धरून चालत होती. मास्तरांनी चष्मा लावला. केशरबाईने त्यांच्या हातातून कागद हळूच काढून घेतला आणि आत हाक मारली.

"सूनबाई, ये वं. हे तू वाच."