गाद्या व पेले आपले आणावेत

देवमन तायडे संतापले की गप्प होत. ते गप्प झाले की बायको, सुभद्रा, म्हणायची, "आता कोनाचं तरी खरं नाही."

अमरावतीत लग्नाची सगळी व्यवस्था अंगावर घेणारे ते एकटेच. बासष्ट साली शालिकराम तहसीलदारांच्या मुलीचं, शालूचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, लग्न अकोल्यात. व्याह्यांची सोय चांगल्या हॉटेलात करायची, कुणाची मान खाली जायला नको, एवढंच शालिकरामांचं म्हणणं. देवमननी तसा शब्द दिला आणि वामनरावांच्या हॉटेलला पत्र धाडलं: मांडव व रोषणाई, चारशे पानं दोन वेळ, बारा खोल्या तीन दिवस राखून, प्रत्येकाचा दर वेगळा कळवावा. होमकुंड नको, भटजी नको. बुद्धमूर्तीसाठी पांढऱ्या कापडाचं टेबल हवं.

उत्तर आठवड्यात आलं. दर वाजवी होते, खोल्याही होत्या. तळाशी एक ओळ: 'गाद्या व पेले पाहुण्यांनी आपले आणावेत.'

शालिकराम म्हणाले, "प्रवासात वळकटी तर असतेच."

देवमन गप्प झाले. सकाळच्या गाडीनं त्यांनी अकोला गाठलं.

हॉटेलात जिना चढताना उघड्या दारांतून त्यांना खोल्या दिसल्या. प्रत्येक पलंगावर गादी, प्रत्येक तिवईवर तांब्या-पेला. वामनरावांनी मोठ्या अगत्यानं बसवलं, पाणी दिलं. देवमन घटाघटा पाणी प्यायले.

"मालक, गाद्या तर हायेत. मंग आमच्याच पाहुण्याइले कावून आनाले सांगता?"

वामनराव खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "तुमी समजदार मानूस. होम नाही, भटजी नाही, म्हंजे वऱ्हाड कोनाचं ते वळखलं मी. खोल्या देतो, कायदा हाय ना! पन त्या गादीवर उद्या दुसरं गिऱ्हाईक झोपते. तुमी धंदा करता, तुमाले काय सांगाव?"

देवमननी हातातला रिकामा पेला टेबलावर ठेवला. सहा वर्षांपूर्वी दीक्षा घेऊन माणूस झालो म्हणे! या हरामखोराच्या लेखी गादीपाशी सगळं जिथल्या तिथं होतं. आणि निर्लज्ज इतका की वर अगत्य करतो.

"मी त्याच वऱ्हाडातला हाव," ते उठत म्हणाले. "आता पेल्याचं काय करता? घासता का फेकता?"

वामनरावांचा चेहरा उतरला. "साहेब, गैरसमज झाला. आना ते पत्र, ती ओळ खोडून देतो. गाद्या नव्या भरून देतो, मंग तं झालं?"

शालिकरामांना दिलेला शब्द अजूनही पाळता आला असता. बारा खोल्या, नव्या गाद्या, व्याही खूश, आणि कुणाला काही कळलंही नसतं.

देवमननी पत्राची घडी घालून खिशात टाकली.

"खोडाले नाही देत," ते म्हणाले. "खाली तुमची सही हाय. आता हे कोतवालीत पोलिसाइले दाखवतो. अन् लग्न शाळेच्या मैदानात लावतो. व्याह्याइले मी सोता सांगतो, कावून ते."