एकादशीला वरी चालत नाही

माझ्या महिन्यातल्या दोन्ही एकादश्या असतात, लग्नाआधीपासूनच्या. घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. सकाळी साबुदाणा भिजलेला दिसला की मुलं ओळखतात, आज आईचा उपास, म्हणजे आपल्यालाही खिचडी. नियम एकच, एकादशीला मी वरी खात नाही. संकष्टीला, सोमवारी, शिवरात्रीला वरीचा भात आणि दाण्याची आमटी चांगली पोटभर खाते. पण एकादशीला धान्य वर्ज्य, आणि वरी कितीही बारीक असली तरी कणसातच येते, म्हणजे धान्यच ते. माझी धाकटी जाऊ एकादशीलाही खाते. तिच्या माहेरी चालतं. मराठी घरात ह्यावर कुणी खोदून विचारत नाही. ‘चालत नाही’ म्हटलं की वाढणारी पुढे जाते.

सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात आलो तेव्हा सोसायटी अर्धी रिकामी होती. लिफ्टच्या जागी खड्डा, खाली वाळूचे ढीग, पाणी टँकरचं. आमच्या दारासमोरच्या फ्लॅटमध्ये पानिपतकडची एक बाई होती. तिचे मिस्टरही केंद्र सरकारात, माझ्या ह्यांच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर. दारावरच्या पाटीवर आडनाव नव्हतं, नुसतं नाव. तेवढ्यावरून बाकीच्या बायकांना काय समजायचं ते समजलं होतं. “कोटेवाले हैं,” राखीव जागेवरचे, असं त्या हळूच म्हणायच्या. मला ती आवडायची. लाइट गेले की आम्ही दोघी जिन्यात बसून मटार सोलायचो, आणि माझ्या हिंदीला ती पोट धरून हसायची. मला दीदी म्हणायची. ह्या परक्या गावात मला तेवढी एकच जवळची होती.

एकदा तिनं घरात हवन ठेवलं आणि जिन्यातल्या सगळ्या बायकांना दुपारी जेवायला बोलावलं. चांगला दिवस म्हणून एकादशी निवडलेली. मी म्हटलं, येईन बिल्कुल, पण माझा उपास आहे हां.

“आपका भी?” ती म्हणाली.

मला वाटलं, बऱ्याच जणींची एकादशी असेल. मग तीच म्हणाली, काही हरकत नाही, व्रताचं वेगळं करीन, सैंधव मीठ वेगळं आणलंय, तवा-कढई घासून ठेवते. मी म्हटलं, व्रताचं चालेल की. माझ्या डोळ्यांसमोर साबुदाणा, बटाटा. तिच्या डोळ्यांसमोर काय असेल हे विचारायचं मला सुचलंच नाही.

गेले तर जेवायला मी एकटीच. बाकीच्या हवनाला येऊन, हातात एक-एक केळं घेऊन, व्रत आहे सांगून निघून गेल्या होत्या. आत पुऱ्यांचा ढीग तसाच, परातभर हलवा तसाच. तिनं मला बसवलं आणि ताट आणलं. तुपात जिरं घालून, बटाटा घालून परतलेला पांढरा मोकळा भात, आणि वाटीत त्याचीच खीर. “समा के चावल,” म्हणाली, “व्रत में यही खाते हैं.” मी दाणा बोटात धरून पाहिला. वरी.

इथे मला नीट बोलायला हवं होतं. मराठीत मी काय म्हटलं असतं? ‘अगं, आमच्यात एकादशीला वरी नाही चालत.’ संपलं. तेच मी घाईनं हिंदीत केलं आणि एकादशी मध्येच गळली.

“ये नहीं चलेगा,” मी म्हणाले. “हमारे में नहीं चलता.”

तिचा हात ताटावरच राहिला. “किस में?” तिनं विचारलं. “आप लोगों में?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिच्या कानांवर काय पडलं ते. मग मी बोलत सुटले. तुमच्याकडे वरी फळात धरतात, आमच्याकडे धान्यात धरतात. आज नुसता सोमवार असता तर ह्याच ताटात मी दोनदा मागून घेतलं असतं. तुमच्या हाताचं नाही असं नाही, आजच्या तिथीचं नाही. ती ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, सगळे जण समा व्रताचाच म्हणतात, दुकानात पाकिटावरही तेच लिहिलेलं असतं. आणि परवा तुमच्याकडे राहायला आलेली तुमची देवरानी, धाकटी जाऊ, जिन्यात सांगत होती, ती एकादशीला खाते.

जावेच्या माहेरची रीत सांगत बसले, तर ते आणखीच खोटं वाटायला लागलं. माझं मलाच.

मी म्हटलं, एक उकडलेला बटाटा द्या, तो खाते, चहा द्या. बटाटे सगळे भातात गेले होते. चहा आणला तो प्लॅस्टिकच्या वापरून फेकायच्या कपात. मी म्हटलं, तुमच्या स्टीलच्या ग्लासात द्या ना. “नहीं दीदी, ये ठीक है. बाकी सब भी इसी में लेते हैं.” त्या कपांची चळतच होती ओट्यावर.

निघताना मी तिचा हात धरला. आमच्यात उपास दुसऱ्या दिवशी द्वादशीला सोडतात, त्याला पारणं म्हणतात, सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाले, माझं उद्याचं पारणं तुमच्याकडे, ह्याच भातावर. थोडा झाकून ठेवा. ती हो म्हणाली.

तशीच दूध आणायला खाली उतरले तर पहिल्या मजल्यावरची ठेकेदारीण दारातच उभी. हसली आणि म्हणाली, “सुना, आपका भी व्रत था. अच्छा किया भाभीजी. सीधे मना भी नहीं कर सकते. व्रत कह दो, बात खतम.” तेव्हा मला ते ‘आपका भी?’ कळलं. माझ्या शेजारणीच्या घरी गेलं की सगळ्यांचं व्रत असायचं. मंगळवार, गुरुवार, पौर्णिमा, जे हाताला लागेल ते. त्यावर उपाय म्हणून ती बिचारी व्रताचं करायला शिकली होती. आणि ते व्रताचंही नको म्हणणारी पहिली बाई मी. मी ठेकेदारीणबाईंना सांगितलं, माझा खरा उपास आहे. त्या म्हणाल्या, “हाँ हाँ, मेरा भी.”

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, तोंडात पाण्याशिवाय काही न घालता मी समोरची बेल वाजवली. तिनं दार उघडलं, पण साखळी काढली नाही. भात गाईला घातला, म्हणाली. मी म्हटलं, मग पोळी असेल ती द्या, लोणचं द्या, काहीही द्या. म्हणाली, अजून कणीक मळली नाही. आतून तव्यावरच्या पोळीचा वास येत होता. “आप तकलीफ मत करो, दीदी,” म्हणाली, आणि दार लोटलं. मी घरी येऊन आपल्या वरणभातावर उपास सोडला.

भांडण असं झालंच नाही. पुढे ती बोलायची, दाराची साखळीही काढायची. कधी गेलेच तर बसवायची, आत जायची आणि दुकानातलं बिस्किटांचं पाकीट घेऊन यायची. सीलबंद. माझ्या डोळ्यांदेखत फोडायची, बशीत न ओतता पाकिटासकट पुढे ठेवायची. आत राजमा शिजत असायचा, कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या. मी दोन-चारदा निर्लज्जपणे म्हटलं, वास छान येतोय, थोडा वाढा की. ती हसायची आणि म्हणायची, “अरे नहीं, आपको नहीं चलेगा.”

अगदी माझंच वाक्य. नेहमी गोड आवाजात. त्यांची बदली होईपर्यंत मी तिच्याकडे बिस्किटंच खाल्ली.