मुदतबाईंचा तक्ता

वकीलसाहेबांच्या ऑफिसात तिला सगळे मुदतबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या वेळी तेवढं निघायचं. निकाल किंवा नोटीस आली की तिच्या टेबलावर ठेवायची, आणि तासाभरात तिनं तक्ता करून आत पाठवायचा: निकाल कधी, निकालाच्या नकलेचा अर्ज कधी, नक्कल तयार कधी, हातात कधी आली, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं अपिलाची शेवटची तारीख. साहेब स्वतः बोटांवर मोजायला बसले की एखादा दिवस हमखास गिळत, म्हणून ते त्या वाटेला जात नसत.

हा नाद घरीही सुटला नव्हता. सून म्हणाली, "आठ दिवसांनी येते", की ही विचारणार, कधीपासून आठ? नवरा गेला त्याला किती दिवस झाले, असं कुणी विचारलं तर ती मोजायची ते दुसऱ्या दिवसापासून. पहिला दिवस धरायचा नसतो, ही कोर्टाची शिकवण. पण खरं सांगायचं तर तो दिवस धरायला तिचं मन धजत नव्हतं.

तेवीस मेला चष्मेवाले काका आले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि जागा रिकामी करा असा निकाल. काका खुर्चीत टेकले. चेहरा निवांत होता. "नक्कल परवाच घेतली, ताई. महिनाभर आहे ना आपल्याकडे?"

मुदतबाईंनी नक्कल उलटली. मागच्या पानावर शिक्के होते. निकाल चार एप्रिलचा. काकांनी अर्ज नऊला केला होता. नक्कल तयार वीस एप्रिलला. आणि हातात घेतली एकवीस मेला.

निकालाचा दिवस सोडला. अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस सोडले, कारण ते कोर्टाच्या खात्यातले. पण तयार झालेली नक्कल खिडकीत पडून राहिली, तर ते दिवस माणसाच्या खात्यातले. अपिलाच्या तीस दिवसांतले चार अर्जाआधीच गेले होते, उरलेले एकवीस एप्रिलपासून धावू लागले आणि सोळा मेला संपले. तिनं कॅलेंडर काढलं. सोळाला सुट्टी असती तर निदान एक दिवस तरी मिळाला असता. तो साधा बुधवार निघाला, मेला.

तिनं तक्ता काकांसमोर ठेवला आणि पहिला दिवस सोडूनही मुदत गेल्याचं सांगितलं. काकांनी लाल तारखेवर बोट ठेवलं. कागद हातात आला नाही तर मुदत सुरू कशी होईल, असं त्यांनी विचारलं. त्यात त्यांचा दोष नव्हता, अशा समजुतीत कितीतरी लोक राहतात.

"नक्कल आणायला का नाही गेलात?"

बायको एकोणीस एप्रिलपासून दवाखान्यात होती. सतरा मेला गेली. हे काकांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की तिच्या मनात तारखा आपोआप तक्त्यात बसत गेल्या. मुदत संपली सोळाला, काकू गेल्या दुसऱ्या दिवशी.

उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज करता येतो, तिनं समजावलं. उशिरातला प्रत्येक दिवस आणि त्याचं कारण दाखवायचं. आत जाऊन विचारलं तेव्हा साहेबांनाही भरवसा वाटला. तिनं तक्त्यात नवा रकाना आखला, वर लिहिलं, कारण. आणि पहिल्याच ओळीत, पत्नीचे आजारपण व निधन.

काकांनी तो कागद हातानं झाकला.

"हे काढा. तिच्यामुळे उशीर झाला असं मी सही करून म्हणू? जाताना पण मला म्हणत होती, तुमचं कोर्टाचं काम राहिलं असेल, जाऊन या. मीच गेलो नाही."

"कारण नसेल तर अर्ज टिकणार नाही, काका. दुकान जाईल. घर जाईल."

"माझा आळस लिहा."

"आळस टिकत नाही."

साहेब आतून डोकावून परत गेले. काका चष्मा पुसत राहिले, उगाचच, काच स्वच्छ असूनही. मग मान न वर करता म्हणाले, "मी तिच्याजवळ बसलो होतो, असं लिहा. तेवढं खरं आहे. गेलो नाही तो मी."

तिनं आधीची ओळ खोडली. लिहिलं, अपीलकर्ता आजारी पत्नीजवळ बसून होता. साहेब ते पुढे अर्जाच्या कायदेशीर भाषेत बसवणारच होते. तरीही तिच्या हातचं असं वाक्य त्या तक्त्यात पहिल्यांदाच आलं. एकवीस एप्रिलपासूनचे दिवस ती एकेक करून खाली भरत गेली.

सतराच्या ओळीशी काका झुकले. "ताई, ती गेली तो दिवस? तुम्ही लोक पहिला दिवस सोडता ना?"

मुदतबाईंचा पेन थांबला. तिचा स्वतःचा एक दिवस इतकी वर्षं सोडलेलाच होता.

"हा धरायचा, काका," ती म्हणाली. "उशिरातला प्रत्येक दिवस धरावाच लागतो."

आणि तिनं सतरा मे लिहून घेतली.