गठ्ठा हातात पडण्याआधी

परीक्षेतल्या निबंधांचा गठ्ठा देण्याआधी आम्हा परीक्षकांना केडगावातल्या एका शाळेत बसवून नमुन्याचे निबंध तपासायला दिले. त्यांचे गुण तज्ज्ञांनी आधीच ठरवलेले होते आणि ते फक्त आमची तपासणी पडताळणाऱ्या मॉडरेटर सरांना ठाऊक होते. आपले गुण त्यांच्याशी एका गुणाच्या फरकात जुळले, तरच गठ्ठा मिळणार होता.

इतकी वर्षं मराठी शिकवतेय, तरी पहिल्याच संचात चुकले. गुऱ्हाळावरच्या निबंधाला मी दहापैकी चार दिले. ठरलेले होते सात. अक्षर वेडंवाकडं होतं आणि मी मेली तेच बघत बसले होते.

दुसऱ्या संचाला मी शहाणपणा केला. सगळ्यांना पाच नाहीतर सहा दिले, म्हणजे फार चुकायला नको. सरांनी कागद पाहिला.

"बाई, तुम्ही निबंध वाचून न्हाई, मला भिऊन मार्क देताय. चांगला आन् कच्चा सारखाच व्हय? परत बसा."

निकषांचा कागद समोर ठेवून परत बसले. आशय, मांडणी, भाषा. अक्षराचा त्यात उल्लेखच नव्हता. तिसऱ्या संचाचे गुण जुळले आणि सरांनी गठ्ठा पुढे सरकवला.

खरी धास्ती बसली ती तेव्हा. नमुन्यात चुकले, तर सांगायला सर होते. या गठ्ठ्यातल्या मोजक्याच उत्तरपत्रिका ते पुन्हा बघणार होते. बाकीच्या पोरांसाठी मी लिहीन तोच आकडा खरा ठरणार होता.