डब्याच्या बुडाचं टिंब

संशय घेणं हीच माझी नोकरी होती. एकाहत्तरच्या आसपासची गोष्ट. इतवारीच्या भांडेगल्लीत एक कारागीर भांड्यांवर नावं घालायचा. तो शेजारच्या देशासाठी हेरगिरी करत होता; आम्ही त्याला पकडलं आणि आपल्या बाजूला वळवलं. आता आमच्याच खोट्या बातम्या तो त्यांना पुरवायचा. दारूगोळ्याच्या मालगाडीची तारीख तो डब्याच्या बुडाला कोरायचा, आणि त्यांचा माणूस गिऱ्हाईक होऊन तो डबा न्यायचा.

पकडला गेलास तर त्यांना कळवायची काही खूण ठरली आहे का, असं मी त्याला दहादा विचारलं होतं. दरवेळी एकच उत्तर, "नाही साहेब."

कोरताना तो जिभेचं टोक दातांत धरायचा. एका दुपारी माझ्या लक्षात आलं, बाकी प्रत्येक नावापुढे तो टिंब मारतो, आमच्या डब्यांवरच्या तारखेपुढे मात्र नाही. हीच ती खूण, मी ताडलं.

"इथं टिंब काहून नाही? मार."

त्याची हातोडी हवेतच थांबली. "आंदनाच्या भांड्यावर दोन नावं राहतेत साहेब, देनाऱ्याचं न घेनाऱ्याचं. मंग भांडं कोनाचं म्हनाव?"

"मार म्हटलं ना!"

त्यानं मारलं.

संध्याकाळी त्यांचा माणूस डबा न्यायला आला. त्यानं डबा उलटा केला, टिंबावरून अंगठा फिरवला, डबा खाली ठेवला आणि गर्दीत नाहीसा झाला. पुन्हा कुणी आलंच नाही.

"टिंब म्हणजे धोका, हे काहून नाही सांगितलं?" मी ओरडलो.

"तेवढं एक त्याईचं ठेवलं होतं साहेब. पन मी तं कधी मारलं नाही. तुमीच माराले लावलं."