वाल्मीक मिस्त्रीचा खरा भाव

निजामपुऱ्यातल्या वाल्मीक मिस्त्रीला एक खोड होती. भाव सांगताना तो कागदावर सगळं वेगवेगळं लिहायचा. लाकूड किती, बिजागऱ्या-कुलपं किती, मजुरी किती. बाकीचे मिस्त्री शहाणे. ते मजुरी लाकडाच्या भावात मुरवून एकच आकडा सांगायचे. बायको बकुळा कितीदा म्हणाली, "अहो, गिऱ्हाइकाला एवढं उघडं कशाला दाखवता?" वाल्मीक ऐकेल तर शपथ! घामाचे पैसे चोरासारखे लपवायला त्याचा जीव होत नसे.

मानकोलीच्या चांगदेवशेठनी मुलीच्या, क्षितिजाच्या लग्नासाठी सागवानी कपाट सांगितलं. गोदामांच्या भाड्यावर शेठचं उत्तम चाललं होतं. वाल्मीकने मापं घेतली, वखारीतून भाव काढून आणला आणि कागद पुढे ठेवला: साग बारा घनफूट (कपाटात नऊ, बाकी घट), चार हजारांनी अठ्ठेचाळीस हजार. पाठीमागे आणि आतल्या फळ्यांना प्लाय, पंधरा हजार. बिजागऱ्या, कप्प्यांचे चॅनल, कुलपं, मुठी, नऊ हजार. पॉलिश नऊ हजार. दोन माणसांची बारा दिवसांची मजुरी, बावीस हजार. एकूण एक लाख तीन हजार.

शेठनी लाकडाच्या भावावर हूं की चूं केलं नाही. बिजागऱ्या तर त्यांनी आणखी महागाच्या चालतील म्हणून सांगितलं. मग बोट बरोबर मजुरीवर येऊन थांबलं.

"बावीस हजार? कपाट करतोस का देऊळ बांधतोस? आनि लाकूड कपाटात नऊ फूटच लागतंय म्हणतोस, मग वरचे तीन फूट कुठं जानार हायत? तुझ्या घरी?"

"रंध्यात आणि करवतीत जातात, शेठ. गाठी, चिरा काढाव्या लागतात. तुम्हाला भुसाही आणून दाखवीन."

"बारा हजार मजुरी देईन. पटत असंल तर बोल."

दिवसाला दोन माणसांत हजार रुपये. यात मिस्त्रीने काय खायचं आणि हेल्परला काय द्यायचं? वाल्मीकने कागदाची घडी केली आणि उठला. मनातून मात्र तो पार उतरला होता. हातात दुसरं काम नव्हतं.

काम मिळालं भावेशला. मानकोलीच्या रस्त्यावर त्याचं काचेचं, एसीचं दुकान. त्याने कागद-बिगद काही काढला नाही. चहा पाजला, मोबाइलवर फोटो दाखवले आणि म्हणाला, "एक लाख चाळीस, सगळं आत." शेठनी हिशोब मागितला नाही. काचेच्या दुकानात कोण मागतो?

आता गंमत पाहा. भावेशकडे हत्यार धरणारा माणूस एकही नव्हता. त्याने वाल्मीकलाच रोजावर बोलावलं, अकराशे रुपये दिवसाला. चूल काही मानावर पेटत नाही, म्हणून वाल्मीक गेला. पहिल्याच फळीला रंधा मारला आणि त्याचं तोंड कडू झालं. सागाला रंधा लागला की तेलकट वास सुटतो, बोटाला गुळगुळीत लागतं. इथे कोरडा लाल भुसा उडाला. सागाच्या निम्म्याहून कमी भावाचं, परदेशी लाकूड. वरून सागाचा पातळ पापुद्रा चिकटवायचा आणि रंगाची पॉलिश मारायची. भावेश म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही रोज घ्या आणि हात चालवा."

नऊ दिवस हात चालला.

दहाव्या दिवशी शेठच्या घरी कपाट बसवताना वाल्मीकला राहवलं नाही. खोलीत दोघंच होते. त्याने कपाटाचं दार उघडून आतली कडा दाखवली. "शेठ, हे साग नाही. नुसता वरचा पापुद्रा सागाचा आहे."

शेठचा चेहरा पडला. "एक लाख चालीस मोजलेत मी," ते हळूच म्हणाले. मग खाली गाडी थांबल्याचा आवाज आला आणि त्यांनी कपाटाचं दार लावून टाकलं. "गप ऱ्हा. सासरची मानसं आलीत."

नवऱ्यामुलाचे मामा, वज्रेश्वरीचे, वर आले. मागे क्षितिजा चहाचा ट्रे घेऊन. मामांनी कपाटावरून नजर फिरवली. "अस्सल साग का?"

"मला काय इचारता!" चांगदेवशेठ हसून म्हणाले. "या मिस्त्रीला इचारा. निजामपुऱ्यात याच्याएवढा खरा मानूस न्हाय. पैशापैशाचा हिशोब लिहून देतो."

सगळ्यांनी वाल्मीककडे पाहिलं. पोर ट्रे धरून उभी होती. तिचा काय गुन्हा? वाल्मीकला शेठचा संताप आला, भावेशचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"सागच आहे," तो म्हणाला.

मामांनी मान डोलावली. कपाटाला हातही लावून पाहिला नाही. मिस्त्री म्हणाला होता ना, मग झालं.