सारख्या अंतरावरची उमरोळी

बोईसरला माझं फलक छापायचं दुकान आहे. वाढदिवसाचे बॅनर, कारखान्यांच्या सूचना, असली कामं. त्यामुळे प्रवासी मंडळाने स्थानकाबाहेर लावायला रेल्वे, एसटी आणि रिक्षांचा एकत्र नकाशा मागितला, तेव्हा मला जरा चढलंच. नकाशा तपासायला मंडळाने उमरोळीच्या एका काकांना पाठवलं. ते रेल्वेत कीमॅन होते. रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत त्यांनी हा पट्टा सगळी नोकरी पायी तुडवला होता.

मी आधी खरा नकाशा समोर ठेवून काढून पाहिलं. सफाळे आणि केळवे रोड एकमेकांना चिकटले, वाणगाव आणि डहाणूमध्ये भलं मोठं रान मोकळं राहिलं, आणि समुद्राकडची गावं लिहायला जागाच उरली नाही. मग मी रेल्वेची सरळ उभी रेघ ओढली आणि विरारपासून डहाणूपर्यंत सगळी स्थानकं सारख्या अंतरावर बसवली. एसटीच्या रेघा आडव्या, उभ्या किंवा पंचेचाळीस अंशात तिरक्या, चौथी दिशा नाही. साध्या थांब्याला छोटी आडवी खूण. जिथे गाडी बदलता येते तिथे पांढरं पोट असलेलं गोल कडं.

काकांनी चष्मा लावून बघितलं.

"पोरी, पालघरपासून उमरोळी आणि वाणगावपासून डहाणू, सारखंच?"

"नकाशात सारखं, काका."

"मंग ते पायी चालणारा मी येडा होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आनि वैतरणेची खाडी कुठं गेली?"

"खाडीत कुणी उतरत नाही."

"उमरोळीत तरी किती उतरतात? तिलाबी काढून टाक."

मी समजावलं, की गाडीतल्या माणसाला किलोमीटर नको असतात, आपलं स्टेशन कितवं हे हवं असतं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा नकाशा घेऊन आले. आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने, अगदी प्रमाणात, प्रत्येक वळण आणि मोरी धरून. इतका सुंदर होता, की मला माझ्या रंगीत रेघांची लाज वाटली.

"आता लोकांनाच विचारू," मी म्हणाले.

दोन्ही कागद घेऊन आम्ही एसटी स्टँडवर गेलो. बाकावर एक ताई बसल्या होत्या. लातूरकडच्या, नवरा इथे कारखान्यात. मी विचारलं, बोईसरहून समुद्राकडच्या माकुणसार गावाला कसं जाल? काकांचा नकाशा त्यांनी आडवा धरला, उभा धरला आणि शेवटी म्हणाल्या, "हे नदीचं आहे का?"

काकांनी आपला कागद परत घेतला. मी तोंड दुसरीकडे वळवलं, पण हसू त्यांना दिसलंच.

माझा नकाशा हातात घेतल्यावर ताईंनी रेघेवरून झरझर बोट फिरवलं. "गाडीने केळवे रोडला उतरायचं. तिथून केळवे गावाची रिक्षा. इथे मध्ये उतरून माकुणसारची एसटी पकडायची."

जिथे त्यांनी बोट टेकवलं तिथे ना थांबा आहे, ना गाव. सफाळ्याहून माकुणसारवरून केळव्याला जाणारी रेघ मी केळव्याच्या रिक्षेच्या रेघेवरून ओलांडून वर नेली होती, पालघरजवळच्या माहीमहून येणाऱ्या रेघेशी वरून जुळावी आणि चित्र देखणं दिसावं म्हणून. कडं तिथे नव्हतं. पण दोन रेघा भेटल्या म्हणजे गाड्याही भेटणार, असंच कुणालाही वाटेल.

"तिथं उतरलात तर भातशेतात उभ्या ऱ्हाल, ताई," काका शांतपणे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "दोन नकाशे, दोन नापास."

आम्ही दुकानात परतलो. काका स्टुलावर बसून सांगत गेले आणि मी रेघा हलवत गेले. माकुणसारची रेघ खालून तिरकी केळव्यात आणली, माहीमची वरून, रिक्षेची सरळ आडवी. तिन्ही केळव्याच्या एकाच कड्यात मिळाल्या आणि मध्ये कुठेही एकमेकींना शिवल्या नाहीत. बोईसरला स्थानक आणि एसटी स्टँड वेगळे, म्हणून दोन कडी काढून ती छोट्या पट्टीने जोडली, म्हणजे चालत जायचं आहे हे कळावं.

सकाळी त्याच ताई स्टँडवर भेटल्या. त्यांनी बोट फिरवलं. "सफाळ्याला उतरायचं, तिथून एसटी. हे आधीच काढायचं की."

छपाईला देण्याआधी काकांनी एक अट घातली. खालच्या कोपऱ्यात लिहायचं, 'अंतरे प्रमाणात नाहीत'. मी बारीक अक्षरात लिहिलं. त्यांनी ते दोनदा मोठं करून घेतलं.

फलक लागला त्या दिवशी गर्दीत ते पुढे उभे होते. एका म्हाताऱ्या कोळणीने विचारलं, "वाणगाव कितवं?" काकांनी किलोमीटर सांगायला तोंड उघडलं, थबकले, आणि फलकावर बोट ठेवून म्हणाले, "हितून पुढचंच."

मी मागे उभी होते. त्यांनी वळून बघितलं नाही, पण कान लाल झालेले मला दिसले.